आधी मोडीचा भाव विचार

इंदूरच्या राजवाड्यामागच्या सराफ्यात रात्री दुकानांच्या पायऱ्यांवर गराडू आणि भुट्ट्याचा कीस विकला जातो. तिथल्या भावाबद्दल कुणी वाद घालत नाही. प्लेट केवढ्याची हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच पायऱ्यांच्या आत दिवसा मात्र वेगळं दिसतं. सोन्याचा भाव तर रोज वर्तमानपत्रात छापून येतो, म्हणजे गराडूपेक्षाही जगजाहीर. तरीही एकाच दिवशी, एकाच गल्लीत, सारख्याच वजनाच्या लॉकेटची किंमत एका दुकानात बासष्ट हजार आणि दुसऱ्यात सत्तर हजार निघते. भाव एकच, वजन एकच, मग हे आठ हजार येतात कुठून?

हे समजून घ्यायला रामबागेतल्या एका आजीची आणि तिच्या नववीतल्या नातीची गोष्ट सांगतो. आजी आणि नात माझ्या कल्पनेतल्या आहेत. सोन्याचा भाव मी हिशेबाला सोपा पडावा म्हणून दहा हजार रुपये ग्रॅम धरला आहे (२०२५ च्या एप्रिलात दहा ग्रॅमचा भाव पहिल्यांदा लाखाला टेकला, त्यामुळे आकडा अगदीच हवेतला नाही). हिशेबाची रीत मात्र जशीच्या तशी खरी आहे.

नऊशे रुपयांची फुशारकी

नातीला लाल खड्यांचं एक लॉकेट आवडलं. दुकानदाराने ते काट्यावर ठेवलं, कॅल्क्युलेटर बडवला आणि म्हणाला, “सत्तर हजार चारसो.” आजी काहीच बोलली नाही. नातीने आईला भाजीवाल्याशी बोलताना ऐकलेलं होतं. ती म्हणाली, “भिया, थोडा कम करो ना.” दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या, आजीकडे पाहिलं, आणि नऊशे रुपये सोडले. नात खूश झाली.

आजीने लॉकेट परत ट्रेमध्ये ठेवलं आणि विचारलं, “उद्या हेच मोडायला आणलं तर काय द्याल?”

दुकानदार क्षणभर थांबला. मग त्याने तेच लॉकेट पुन्हा उचललं आणि म्हणाला, “देखो माताजी, मोड में तो नग का वजन कटेगा, मजूरी नहीं मिलेगी.”

सगळी गोम या एका वाक्यात आहे. विकणारा माणूस जेव्हा घेणाऱ्याच्या जागी बसतो, तेव्हा त्या वस्तूत खरं काय आहे हे तोच मोजून सांगतो. खडे सोनं नाहीत, हे विकताना त्याने सांगितलं नव्हतं. घेताना ते पहिल्याच दमात सांगितलं. आजीने किंमत कमी करायला सांगितलीच नाही. तिने किमतीचे तुकडे करायला लावले.

किमतीचे तीन तुकडे

दागिन्याची किंमत तीन भागांची बनलेली असते: सोनं, मजुरी आणि सरकारी देणं. तिघांचा स्वभाव वेगळा. सोन्याच्या भावावर घासाघीस चालत नाही, कारण तो दुकानदाराच्या हातात नसतो. सरकारी देण्यावरही नाही. घासाघीस होऊ शकते ती फक्त मधल्या भागावर. पण दुकानदाराने तिन्ही भाग एकत्र कालवून एकच आकडा सांगितला, तर घासाघीस नेमकी कशावर करायची हेच ग्राहकाला कळत नाही. मग तो ‘थोडं कमी करा’ म्हणतो. ते ‘थोडं’ किती असावं, हेही दुकानदारच ठरवतो.

आधी सोनं घेऊ. वर्तमानपत्रात ठळक छापलेला भाव बहुधा चोवीस कॅरेटचा, म्हणजे शुद्ध सोन्याचा असतो. शुद्ध सोनं मऊ असतं, त्यात खडा धरून राहत नाही. म्हणून दागिन्यात तांबं-चांदी मिसळतात. बावीस कॅरेट म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं. तेव्हा चोवीसचा भाव दहा हजार असेल, तर बावीसचा ९,१६० झाला. नातीला गुणाकार येतो, पण भाव कुठला घ्यायचा हे ठाऊक हवं. इंदूरच्या बाजारभावात रोखीचा आणि आरटीजीएसचा आकडा वेगवेगळा देण्याची पद्धत आहे, आणि दोन्हींत फरक असतो. दुकानातल्या फळ्यावरचा भाव यांतला कुठला, आणि त्यात कर धरला आहे का, हे विचारून घ्यावं लागतं. खुंटा म्हणून इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचा भाव पाहता येतो. तो कामकाजाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ जाहीर होतो आणि त्यात जीएसटी धरलेला नसतो. रिझर्व्ह बँकेनेही सुवर्णरोख्यांची किंमत ठरवायला हाच भाव वापरला.

आमच्या गोष्टीतल्या दुकानदाराने बावीसचा भाव ९,२०० लावला होता. ग्रॅममागे चाळीस रुपये जास्त. आजीने त्यावर फारसा वाद घातला नाही. सहा ग्रॅमच्या वस्तूत त्याने दोनअडीचशे रुपयांचा फरक पडतो. तिचं लक्ष काट्यावर होतं.

काट्याने ६.४० ग्रॅम दाखवले होते. हे झालं सगळ्या लॉकेटचं वजन, म्हणजे सोनं अधिक खडे अधिक खडे बसवायला लावलेली लाख. खडे आणि लाख वजा केली तर निव्वळ सोनं ५.८० ग्रॅम. उरलेले साठ सेंटिग्रॅम काच आणि लाख होती, आणि दुकानदाराने ती ९,२०० रुपये ग्रॅमने विकली होती. वर पुन्हा तोंडाने म्हणत होता, “नग का पैसा तो लिया ही नहीं.” खरंच होतं ते. खड्यांचे म्हणून वेगळे पैसे त्याने घेतलेच नव्हते. त्याने ते सोन्याचे म्हणून घेतले होते.

शिलाई कापडाच्या भावावर कशी?

आता मजुरी, मराठीत घडणावळ. दुकानदाराने ती सोळा टक्के लावली. कशावर सोळा टक्के? त्याच खड्यांसकट धरलेल्या सोन्याच्या रकमेवर. म्हणजे काचेवरही मजुरी लागली.

पण टक्क्याची भानगड यापेक्षा खोल आहे. शिंप्याने शिलाई कापडाच्या किमतीवर टक्क्यांत मागितली, तर आपण त्याला वेड्यात काढू. सुती असो की रेशमी, टाके तेवढेच पडतात. सराफ्यात मात्र हीच रीत रुळली आहे. सोनं पाच हजार रुपये ग्रॅम होतं तेव्हा ५.८० ग्रॅमच्या लॉकेटवर बारा टक्के मजुरी सुमारे ३,२०० रुपये होत होती. सोनं दहा हजारांवर गेलं की तीच मजुरी ६,४०० च्या घरात जाते. कारागिराने तेच काम तेवढ्याच वेळात केलं, त्याच भट्टीवर, त्याच चिमट्याने. वाढलेले पैसे त्याच्या हाती पडले असतील असं गृहीत धरू नये.

म्हणून आजीने नातीला शिकवलं की टक्का ऐकला की तो लगेच ग्रॅममागे रुपयांत उलटा करून घ्यायचा. बावीसचा भाव ९,१६० असताना सोळा टक्के म्हणजे ग्रॅममागे सुमारे १,४६५ रुपये. बारा टक्के म्हणजे सुमारे १,१००. रुपयांत आकडा आला की दोन दुकानांची तुलना होते. टक्क्यांत ती फसवी होते, कारण एकाचा टक्का निव्वळ वजनावर असतो आणि दुसऱ्याचा सगळ्या वजनावर. ‘मजुरीवर पन्नास टक्के सूट’ ही पाटीही याच चाळणीतून घालावी. चोवीस टक्क्यांवर अर्धी सूट म्हणजे बारा टक्केच. ती सूट कसली, तो बाजारभाव झाला.

मजुरी शून्यावर आणता येत नाही, हेही आजीला ठाऊक होतं. तिच्यात कारागिराचा रोज असतो. दुकानाचं भाडं असतं. महिनोन्‌महिने काचेच्या कपाटात अडकून पडलेल्या सोन्याचं व्याज असतं. आणि घट असते. सोनं वितळवताना, कानस मारताना, उजाळताना त्याचे कण उडतात. घट सगळीच वाया जात नाही. सराफ कट्ट्यावरची झाडलोट आणि गटारातला गाळ धुऊन त्यातलं सोनं काढणारे झारेकरी, हिंदीत न्यारिये, पिढ्यान्‌पिढ्या याच कणांवर जगत आले आहेत. पण काही घट होतेच, आणि ती खऱ्या खर्चात धरावी लागते. म्हणून यंत्रावर निघणाऱ्या साध्या साखळीची मजुरी कमी असते, आणि हाताने खडे बसवलेल्या लॉकेटची जास्त. दोन्हींना एकच टक्का लावणारा ग्राहक स्वतःला हुशार समजतो, पण वाजवी किंमत त्याला कळलेली नसते.

बारा टक्के आले कुठून

नातीने नेमका प्रश्न विचारला, “आजी, सोळा जास्त आणि बारा बरोबर, हे तुला कसं कळलं?”

“तीन दुकानं पुढे जाऊन विचारलं म्हणून.”

हे उत्तर साधं दिसतं, पण सगळे सराफ एकाच गल्लीत का बसतात, याचंही कारण त्यात आहे. दुकानं शहरभर विखुरलेली असती, तर दुसरा भाव काढायला रिक्षा आणि अर्धा दिवस गेला असता, आणि प्रत्येक दुकानदाराने त्या त्रासाची किंमत आपल्या भावात मिसळली असती. सराफ्यात दुसरं दुकान पाच पावलांवर आहे. तुलना जवळजवळ फुकट पडते, म्हणून ग्राहक तिथे येतो, आणि ग्राहक येतो म्हणून दुकानदारालाही तिथेच बसावं लागतं. अर्थात पाच पावलं चालायची ग्राहकाची तयारी असेल, तरच याचा उपयोग. पहिल्याच गादीवर बसून सरबत घेतलं, की बाजारात असूनही तो एकाच दुकानाच्या गावात राहतो.

आजीने त्याच धाटणीच्या, हाताने खडे बसवलेल्या लॉकेटची मजुरी निव्वळ सोन्यावर किती, एवढंच तीन ठिकाणी विचारलं. उत्तरं आली अठरा, चौदा आणि बारा टक्के. बारावाला दुकान चालवतो, कारागिराला रोज देतो, आणि तरी त्याला ते परवडतं. म्हणजे वाजवी किमतीची वरची कड साधारण तिथे. खालची कड चाचपायला ती पहिल्या दुकानात परत येऊन म्हणाली, “दस.”

“दस में पड़ता नहीं, माताजी.”

सराफ्यात ‘पडता’ म्हणजे दुकानदाराला घरात पडलेली किंमत. हे वाक्य प्रत्येक दुकानदार प्रत्येक आकड्याला म्हणतो, त्यामुळे एकट्या वाक्याला अर्थ नसतो. खरं-खोटं कळतं ते तुम्ही उठल्यावर. आजी उठली. दहावर त्याने थांबवलं नाही, म्हणजे दहा बहुधा खरोखरच परवडत नव्हतं. ती दारापर्यंत जाऊन “बारह” म्हणाली, तेव्हा त्याने ट्रे पुन्हा काढला. उठून जाणं हे नाटक म्हणून केलं तर दुकानदार ते ओळखतो. आजीचं नाटक नव्हतं. पुढच्या दुकानात बारानेच मिळत होतं आणि ती खरंच तिकडे निघाली होती.

भाव ठाऊक असल्याने किती फरक पडतो, हे माळव्यातच एकदा मोजलं गेलं आहे, आणि तेही विकणाऱ्यांच्या बाजूने. सन २००० पासून आयटीसी कंपनीने मध्य प्रदेशातल्या खेड्यांत ‘ई-चौपाल’ नावाची संगणक केंद्रं उघडली. सोयाबीनचा भाव शेतकऱ्याला घरबसल्या दिसू लागला, आणि मंडीऐवजी थेट कंपनीला विकायची सोयही झाली. अर्थतज्ज्ञ अपराजिता गोयल यांनी याचा अभ्यास करून २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला. केंद्रं आली त्या भागांतल्या मंड्यांमध्ये सोयाबीनचा भाव १ ते ३ टक्क्यांनी वाढला, आणि मंडी-मंडीतली तफावत कमी झाली. जे शेतकरी कंपनीकडे गेलेच नाहीत, मंडीतच विकत राहिले, त्यांनाही हा वाढीव भाव मिळाला. समोरचा उठून दुसरीकडे जाऊ शकतो, हे व्यापाऱ्याला कळलं की पुरे.

आजीचा कागद

दुकानदाराने सांगितलेली आणि आजीने धरलेली किंमत शेजारी-शेजारी ठेवली, की आठ हजारांचा पत्ता लागतो.

> पहिला आकडा: ६.४० ग्रॅम × ९,२०० = ५८,८८०. मजुरी १६ टक्के, ९,४२१. एकूण ६८,३०१. त्यावर ३ टक्के जीएसटी २,०४९. हॉलमार्कचे ५३. जवळपास ७०,४००.
>
> आजीचा आकडा: ५.८० ग्रॅम × ९,१६० = ५३,१२८. मजुरी १२ टक्के, ६,३७५. खड्यांचे वेगळे ६००. एकूण ६०,१०३. जीएसटी १,८०३. हॉलमार्कचे ५३. जवळपास ६१,९६०.

फरक सुमारे ८,४४० रुपयांचा. त्यात मजुरीतली घासाघीस म्हणावी असे तीन हजार. सगळ्यात मोठा वाटा, साडेपाच हजारांहून थोडा जास्त, काचेचं वजन सोन्यात धरल्याचा, आणि तो घासाघिशीने सुटलेला नाही, प्रश्न विचारल्याने सुटला. नातीने मिळवलेले नऊशे रुपये याच फुगवट्यातून आले होते. दुकानदाराने ते सोडले कारण त्याला त्यात काहीच सोडावं लागलं नाही.

कागदावर आजीने खाली एक ओळ वाढवली. मोडीला येणारं सोनं दोन्ही वेळा ५.८० ग्रॅमच. बहुतेक दुकानं मोड घेताना आणखी थोडी कपात करतात, ती सध्या सोडून देऊ. तरी सत्तर हजारांचं लॉकेट दुकानाबाहेर पडताक्षणी सतरा हजारांनी उतरतं, आणि बासष्टचं नऊ हजारांनी. हे नऊ हजार म्हणजे मजुरी, खडे आणि कर, म्हणजे ते गळ्यात घालण्याची किंमत. ती द्यायला आजीची हरकत नव्हती.

शुद्धता आता शपथेवर नाही

एवढ्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे सोनं खरंच ९१६ आहे. आजीच्या तरुणपणी याला इलाज दोनच होते: कसोटीच्या दगडावरची रेघ आणि घराण्याचा सराफ. त्या वेळचा तोळाही ११.६६ ग्रॅमचा होता. आता बाजारात तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम धरतात. जुनी पावती आणि आजचा भाव जुळवताना हा फरक विसरला, तर हिशेब सहाव्या हिश्श्याने चुकतो.

आज दागिन्यावर तीन खुणा कोरलेल्या असतात: भारतीय मानक संस्थेचं त्रिकोणी चिन्ह, बावीस कॅरेट आणि ९१६ हा शुद्धतेचा आकडा, आणि अक्षरं-अंक मिळून सहा खुणांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमहून हलक्या दागिन्यांना मात्र हॉलमार्कमधून सूट आहे. खुणा बारीक असतात, म्हणून दुकानात दहापट मोठं दाखवणारं भिंग मागायचं. मग ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो क्रमांक टाकायचा. दागिन्याचा प्रकार, शुद्धता, सराफाची नोंदणी आणि तपासणी केंद्राचं नाव दिसतं. हातात लॉकेट आहे आणि ॲप अंगठी दाखवत असेल, तर तो क्रमांक दुसऱ्या दागिन्याचा आहे. तिथे घासाघीस न करता उठावं.

या खुणांची मर्यादाही ओळखली पाहिजे. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो. मजुरी वाजवी आहे का, वजनात खडे धरले आहेत का, यावर तो काही बोलत नाही. ते काम बिलाचं. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर निव्वळ सोन्याचं वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचा आकार वेगवेगळा लिहिणं सराफावर बंधनकारक आहे. पुढे शुद्धता कमी निघाली, तर कमी पडलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च देण्याची तरतूद भारतीय मानक संस्थेच्या २०१८ च्या नियमांत आहे. ‘कच्च्यात घेतलं तर तीन टक्के वाचतील’ असं सांगणारा दुकानदार तुमच्याकडून हा हक्क अठराशे रुपयांना विकत घेत असतो.

तेव्हा पक्कं बिल घ्या. त्यावर निव्वळ वजन वेगळं लिहिलेलं नसेल, तर पैसे मोजण्याआधी ते लिहून मागा.